दुसरा रकाना

श्रोतेहो, नमस्कार. घरकामाची किंमत काढायची तर आधी तास मोजावे लागतात. तास आधी, पैसे नंतर. त्यासाठी वेळवापर पाहणी करतात. प्रगणक घरी येतो आणि आदल्या दिवसाचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारून लिहून घेतो.

अशा एका पाहणीत मी काम केलं होतं. एका घरी बाईंना विचारलं, "काल संध्याकाळी सहा ते आठ काय केलंत?" "स्वयंपाक." "आणि त्याच वेळी दुसरं काही?" "छे हो, दुसरं कधी करणार!" तेवढ्यात आतून हाक आली. बाई उठल्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना पाणी पाजून, उशी सारखी करून परत आल्या. मी म्हटलं, "ताई, काल स्वयंपाक करताना अशा किती वेळा उठलात?" म्हणाल्या, "ते काय मोजायचं? माझा कान तिकडेच असतो."

मग आम्ही सगळा दिवस पुन्हा पहिल्यापासून घेतला. एका रकान्यात मुख्य काम, दुसऱ्यात सोबतचं. पहिल्या नोंदीत सासूबाईंचं करण्याला एकच तास लागला होता, सकाळची आंघोळ आणि औषधं. रात्री दहा ते पाच झोप, असं त्यांनी सांगितलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सासूबाईंना कुशीवर वळवायला त्या दोनदा उठल्या होत्या, दोन्ही मिळून एक तास. एकाचे दोन तास झाले, आणि दुसऱ्या रकान्यात आणखी चार. हे चार तास दिवसाच्या बेरजेत धरता येत नाहीत, नाहीतर दिवस अठ्ठावीस तासांचा होईल. ते वेगळे दाखवायचे. पण दाखवायचेच. 

आता पैसे. कोणतं काम धरायचं याची कसोटी अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी 1934 मध्ये मांडली: जे काम मोबदला देऊन दुसऱ्याकडून करून घेता येतं, ते उत्पादन. कुशीवर वळवायला पगारी परिचारिका ठेवली, तर तिचं काम राष्ट्रीय उत्पन्नात येतं. तेच सुनेने केलं, तर येत नाही. म्हणून त्याचा हिशेब मुख्य आकड्याबाहेर, पूरक खात्यात मांडतात.

दर दोन रीतींनी लावतात. पहिली, ही बाई बाहेर नोकरी करून काय कमावती. पण मग एकच काम डॉक्टर बाईने केलं तर महाग आणि अशिक्षित बाईने केलं तर स्वस्त ठरतं. दुसरी, तेच काम करणाऱ्या पगारी माणसाची मजुरी. मला दुसरी पटते, पण तिच्यातही खोट आहे: रुग्ण सांभाळणाऱ्यांची मजुरी मुळातच कमी, कारण हे काम बायका घरी फुकट करतात.