ट्यूबमधलं जेल आणि टायरमध्ये राहिलेला खिळा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात एक शिक्षिका स्कूटर घेऊन आमच्या गॅरेजवर आल्या. तक्रारी दोन होत्या. वेग 40 च्या पुढे गेला की हँडल थरथरतं, आणि पुढच्या चाकात दर तीन-चार दिवसांनी हवा भरावी लागते. मी पंक्चर बघू म्हटलं, तर त्या ठामपणे म्हणाल्या, "पंक्चर असणं शक्यच नाही. मी वर्षापूर्वी अँटिपंक्चर जेल भरून घेतलंय." आज त्यांच्या त्या चाकाबद्दलच बोलायचं आहे. त्यात जेलचा गुणही दिसतो आणि त्याची किंमतही.

आधी हे जेल काय करतं ते पाहू. बाजारातलं बहुतेक जेल म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचं घट्टसर मिश्रण असतं, आणि त्यात बारीक तंतू आणि रबराचे कण मिसळलेले असतात. ग्लायकॉलमुळे ते लवकर वाळत नाही. ट्यूबच्या व्हॉल्व्हची पिन काढून तिथून ते आत सोडतात. स्कूटरच्या 10 इंची चाकाला साधारण दीडशे ते अडीचशे मिलिलिटर लागतं. चाक फिरू लागलं की जेल बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या आत, पसरतं. खिळा घुसला की हवा त्या भोकातून बाहेर धावते आणि जेलला सोबत ओढते. तंतू आणि कण भोकात अडकतात, एकमेकांत गुंततात आणि बूच बसतं.

इथे एक फरक लक्षात घ्या. ट्यूबलेस टायरमध्ये हे बूच टायरच्या जाड रबरात बसतं, त्यामुळे त्याला धरून राहायला जागा मिळते. ट्यूबची भिंत मात्र जेमतेम दोनएक मिलिमीटरची, आणि वरून ती ताणलेली. भोक ताणून मोठं होतं आणि बुचाला पकड कमी मिळते. शिवाय ट्यूब टायरच्या आत किंचित सरकत असते, त्यामुळे टायरचं भोक आणि ट्यूबचं भोक एका रेषेत राहीलच असं नाही. म्हणून बाटलीवर सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक बुजवण्याचा दावा असला, तरी ट्यूबच्या बाबतीत मी तो धरत नाही. बारीक खिळा, तारेचा तुकडा इथवर ठीक. खड्ड्यात आपटून रिमखाली चेचलेली ट्यूब, व्हॉल्व्हच्या बुडाशी गेलेली चीर, रिमच्या गंजाने आतून पडलेलं भोक, यातलं काहीही जेल भरून काढत नाही.

आता थरथरीकडे येऊ. गाडी रात्रभर उभी राहिली की जेल खाली साचतं. सकाळी पहिल्या काही मिनिटांत चाक धडधडल्यासारखं वाटतं, मग जेल पसरतं आणि गाडी सरळ होते. एवढंच होत असेल तर काळजी नको. पण वर्ष-दीड वर्षात पाणी उडून जेल एका जागी घट्ट झालं, किंवा भरताना माप सुटलं, तर वजन पसरत नाही. समजा 50 ग्रॅमचा गोळा एका जागी चिकटला. 40 च्या वेगाला हे छोटं चाक सेकंदाला आठ वेळा फिरतं. तेव्हा तो 50 ग्रॅमचा गोळा चाकाला बाहेरच्या दिशेने जवळजवळ पावणेतीन किलोच्या जोराने ओढतो, आणि ही ओढ चाकाबरोबर फिरते, म्हणजे सेकंदाला आठ वेळा सगळ्या दिशांना जाते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. मागच्या चाकावर इंजिनचं वजन असतं, म्हणून तिथे ती दबून जाते. पुढच्या चाकाची मात्र थेट हातात येते.

हे घरी तपासता येतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागून कुणाला तरी दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. चाक हलकेच फिरवा आणि आपोआप थांबू द्या. खाली जो भाग थांबेल तिथे खडूने खूण करा. असं पाच-सहा वेळा करा. दर वेळी खूण खालीच येत असेल, तर एका बाजूला वजन आहे. थोडं वजन व्हॉल्व्हचंही असतं, म्हणून खूण व्हॉल्व्हपाशी येत असेल तर घाईने निष्कर्ष काढू नका. बाईंच्या गाडीत खूण व्हॉल्व्हच्या जवळजवळ समोर येत होती.

टायर उतरवायला घेतला. इथे आमच्या कामातल्या माणसांनी एक गोष्ट पाळायलाच हवी. जेलमुळे व्हॉल्व्हची पिन चिकटते. पिन दाबली, हवा आली नाही, म्हणून ट्यूब रिकामी आहे असं मानू नका. जुन्या चेतकसारख्या स्कूटरची रिम दोन भागांची असते, नटांनी जोडलेली. आत हवा असताना ते नट ढिले केले तर रिमचे भाग अंगावर उडू शकतात. पिन पूर्ण काढा, तारेने वाट मोकळी करा, टायर हाताने दाबून मऊ झाल्याची खात्री करा आणि मगच नटाला पाना लावा. ग्राहकांनीही हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून दोन-चार मिनिटं थांबावं. खाली असताना पिन दाबली तर जेल पिनमध्ये आणि गेजमध्ये शिरतं.

ट्यूब बाहेर काढली, तर एका जागी वाळलेल्या जेलचा थर हाताला लागत होता. टायरच्या आतून फडका फिरवला आणि तो अडकला. सव्वा सेंटिमीटरचा खिळा, डोकं झिजून रबराच्या बरोबरीला आलेलं, म्हणून बाहेरून दिसतच नव्हता. बाईंना कधी पंक्चर झाल्याचं कळलंच नाही, कारण जेलने आपलं काम केलं होतं. पण खिळा तिथेच राहिला. प्रत्येक फेरीला ट्यूब त्याच्यावर घासत होती. एका भोकाशेजारी दुसरं, मग तिसरं. जेल जवळचं भोक बुजवत होतं, हवा थोडी थोडी झिरपत होती, आणि हवा कमी झाल्याने टायर आणखी वाकत होता. काही दिवसांनी ट्यूब चिरली असती, आणि तिथे जेलचा उपयोग नव्हता.

त्यांनी विचारलं, "पॅच नाही का मारता येणार?" प्रयत्न करता येतो. भोक वरच्या बाजूला येईल अशी ट्यूब धरायची, म्हणजे जेल खाली उतरतं. सगळी हवा काढायची. भोकाभोवतीचा भाग ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून पूर्ण कोरडा करायचा, मग कानसेने घासून सोल्युशन लावायचं. ग्लायकॉलचा ओशटपणा राहिला तर सोल्युशन धरत नाही. आणि ते सुकायची वाट बघत असताना भोकातून जेलचा थेंब आला, की पुन्हा पहिल्यापासून. टबात बुडवून बुडबुडे शोधायचे, तर बुजलेली भोकं बुडबुडे सोडत नाहीत, म्हणून तीनपैकी एकच सापडतं. म्हणूनच जेलच्या ट्यूबला पॅचसाठी पंक्चरवाले जास्त पैसे मागतात किंवा नकार देतात, आणि मला ते गैर वाटत नाही.

बाईंच्या ट्यूबमध्ये चार भोकं निघाली, तीही एकमेकांच्या इतकी जवळ की एकाच मोठ्या पॅचखाली आली असती. पण घासून गेलेल्या त्या जागेचा भरवसा नव्हता, म्हणून मी नवी ट्यूब घातली, रिम पाण्याने धुऊन पुसली, टायर आतून हाताने चाचपला. जेल पुन्हा भरू का, असं विचारलं. त्या रोज डोंगराळ रस्त्याने एकट्या शाळेत जातात, वाटेत पंक्चरचं दुकान नाही. म्हणून भरलं, बाटलीवरच्या मापाइतकंच, आणि गाडी लगेच दोन-तीन किलोमीटर फिरवून आणली. दर रविवारी हवा मोजून वहीत लिहायचं ठरलं. एका आठवड्यात आकडा नेहमीपेक्षा जास्त खाली आला, तर हवा भरून गाडी तशीच चालवायची नाही, आधी टायर उतरवून खिळा शोधायचा.