साडेसातशे की साडेआठशे?

[रात्र. रुग्णालयाचं काउंटर, काचेवर चिकटवलेला क्यूआर कोड.]

रात्रीचे सव्वाअकरा. सांगलीतलं एक रुग्णालय. वडिलांना आत नेलंय आणि काउंटरवरची मुलगी अनामत मागतेय, 80,000 रुपये. लेक मोबाइल काढते, कोड स्कॅन करते, पिन टाकते.

त्याच वेळी ठाण्यात एक निवृत्त शिक्षक टेबलाशी बसलेत. समोर व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला माणूस. तुमच्या नावाने गुन्हा नोंदवलाय, चौकशी होईपर्यंत पैसे ‘सरकारी खात्यात’ ठेवा, फोन ठेवायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. गुरुजी थरथरत्या बोटांनी रक्कम टाकतात. 80,000. मग पिन.

हे दोन्ही प्रसंग आम्ही रचलेत. पण असे प्रसंग घडतच असतात, आणि गोची अशी की बँकेच्या यंत्रणेला हे दोन्ही सारखेच दिसतात. फोन नेहमीचाच, सिम तेच, पिन बरोबर. पैसे घेणाऱ्याला याआधी कधी पैसे पाठवलेले नाहीत. रक्कम नेहमीपेक्षा कितीतरी मोठी, वेळ रात्रीची, आणि खात्यात मागे फारसं काही उरत नाही.

पेमेंट पुढे सोडण्याआधी यंत्रणा त्याला गुण देते. शून्य ते हजार. जितके गुण जास्त, तितका संशय जास्त. पापणी लवते न लवते तोच हे होऊन जातं. समजा, सांगलीला मिळाले 780. ठाण्यालाही 780.

गुण यंत्र देतं. पण कितीच्या वर पेमेंट अडवायचं, ती रेघ बँकेतली माणसं आखतात.

[कागदावर पेनाने आडवी रेघ.]

जरा हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतलेत. एका बँकेत दिवसाला 10 लाख पेमेंटं होतात आणि त्यांत 100 फसवणुकीची आहेत. म्हणजे दहा हजारांत एक. इथे एक गंमत आहे. ‘सगळं ठीक’ एवढंच म्हणणारी यंत्रणा बसवली, तरी ती 99.99 टक्के वेळा बरोबर ठरेल आणि एकही चोर पकडणार नाही. म्हणून कुणी ‘आमची यंत्रणा 99 टक्के अचूक आहे’ असं सांगितलं, तर त्यातून काहीच कळत नाही.

रेघ 850 वर ठेवली. शंभरपैकी 60 फसवणुकी सापडल्या आणि हजारातला एक प्रामाणिक माणूस अडला. ऐकायला किरकोळ. पण प्रामाणिक माणसं जवळपास 10 लाख आहेत, म्हणजे अडलेले झाले हजार. एका चोरामागे सोळा-सतरा साव.

आता रेघ 750 वर आणू. सापडले 80, अडले 5,000. म्हणजे जास्तीचे 20 चोर धरायला जास्तीची 4,000 माणसं अडवली. एकामागे 200. रेघ जितकी खाली आणावी, तितका पुढचा चोर महाग पडत जातो.

हे परवडतं का? एका फसवणुकीत सरासरी 20,000 रुपये जातात असं धरलं, तर त्या वीस जणांचे चार लाख वाचले. चार लाख भागिले चार हजार, शंभर रुपये. प्रामाणिक ग्राहकाला एकदा अडवण्याची किंमत शंभर रुपयांपेक्षा कमी असेल, तर रेघ खाली आणणं फायद्याचं. टपरीवर चहाचे पैसे अडले तर माणूस खिशातून नोट काढतो आणि विसरतो. रुग्णालयाच्या काउंटरवर अडलेल्या पेमेंटची किंमत कोणत्या खात्यात लिहायची?

आणि किंमत मोजणारा कोण, हाही प्रश्न आहेच. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी व्यवहार केला आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तोशीस ग्राहकाला लागत नाही. पण गुरुजींनी पिन स्वतः टाकलाय. अशा वेळी नुकसान बहुतेकदा त्यांच्याच गळ्यात पडतं. म्हणजे बँकेच्या वहीत सुटलेली फसवणूक स्वस्त दिसते आणि गुरुजींच्या पासबुकात तीच आयुष्यभराची पुंजी असते.

[दोन मोबाइल, मधे एक बाण.]

मग 780 आणि 780 यांत फरक कुठे शोधायचा? पाठवणाऱ्याकडे बघून तो सापडत नाही. घेणाऱ्याकडे बघावं लागतं. रुग्णालयाचं खातं काही वर्षं जुनं, रोज शेकडो लोक पैसे भरतात, पैसे खात्यात टिकतात. ‘सरकारी खातं’ मात्र 11 दिवसांपूर्वी उघडलेलं, कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावाचं. गेल्या चाळीस मिनिटांत त्यात चार राज्यांतून मोठ्या रकमा आल्या आणि दर वेळी पाच-सहा मिनिटांत पुढच्या खात्यांत पांगल्या. कमिशन घेऊन दुसऱ्याला वापरायला दिलेलं हे भाड्याचं खातं. अशी खाती हेरण्यासाठीच रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाचं साधन तयार केलंय.

अडचण अशी, की गुरुजींच्या बँकेला समोरच्या बँकेतली वही दिसत नाही. यूपीआयमध्ये दोन्ही टोकांचा माग मधे बसलेल्या, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेला असतो, आणि तिथूनही बँकांना जोखमीचे इशारे मिळू शकतात. हे दोन्हीकडचे धागे पिन टाकल्यावरच्या काही क्षणांत जुळले, तरच उपयोग.

तरी हाही उपाय बिनचूक नाही. गल्लीतलं गणेश मंडळ घ्या. ऑगस्टमध्ये नवं खातं उघडलं. कधी न पाहिलेले पाचशे लोक त्यात पैसे टाकू लागले. रक्कम जमली की त्याच दिवशी बाहेर, मांडववाल्याला, ढोल-ताशा पथकाला, मूर्तिकाराला. नवं खातं, अनोळखी देणारे, पैसे आले की गेले. भाड्याच्या खात्याची सगळी लक्षणं! जरा जवळून पाहिलं की कळतं: देणारे एकाच पेठेतले, रकमा 251 आणि 501, पैसे जातात ते व्यापाऱ्यांच्या जुन्या खात्यांत. हा फरक यंत्रणेला आधी कुणीतरी शिकवलेला नसेल, तर खजिनदार चतुर्थीच्या आदल्या दिवशी बँकेत खेटे घालतो.

म्हणून ‘सोडा’ आणि ‘अडवा’ यांच्या मधे एक पट्टा ठेवतात. तिथे पेमेंट थोडा वेळ रोखून विचारलं जातं. पण काय विचारायचं? ‘सावधान, फसवणूक होऊ शकते’ ही पाटी रोज दिसली की डोळ्यांना दिसेनाशी होते. ‘तुम्ही आत्ता कुणाशी कॉलवर आहात का? पोलीस फोनवरून पैसे मागत नाहीत,’ ही गुरुजींना नेमकी लागू पडते आणि सांगलीतली लेक ती दोन सेकंदांत बाजूला सारते. अर्थात कॉलवरचा तोतया हेही बजावून ठेवतो, की असं काही आलं तर ‘नाही’ दाबा.

रेघ बरोबर जागी आहे का, हे कळायचं कसं? सुटलेली फसवणूक परत येते. कुणीतरी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करतं, तक्रार होते, नोंद होते, भले चार दिवसांनी. खोटा इशारा मात्र परत येत नाही. अडलेला माणूस दुसऱ्या अ‍ॅपने पैसे देतो आणि विषय संपतो. ते पेमेंट खरं होतं की खोटं, हे यंत्रणेला बहुतेकदा कळतच नाही. एक उपाय म्हणजे संशयितांतली थोडी पेमेंटं मुद्दाम सोडून द्यायची आणि पुढे काय होतं ते पाहायचं. मोठ्या रकमांवर हे करायला कुणाचाही हात धजावत नाही, आणि ते बरोबरच आहे.

[पुन्हा सांगली. घड्याळात पावणेबारा.]

समजा, त्या रात्री रेघ 750 वर होती आणि समोरच्या खात्यांची माहिती हाताशी नव्हती. दोन्ही पेमेंटं अडली. गुरुजी वाचले. सांगलीत आतेभाऊ दुचाकीवरून अर्ध्या तासाने पोहोचला आणि त्याच्या कार्डावर अनामत भरली. तक्रार करायला कुणाला वेळ होता?

दुसऱ्या दिवशीच्या अहवालात एक ओळ आली: रोखलेली संशयित रक्कम, 1,60,000 रुपये.