"आमचं काहीच मागणं नाही": हुंड्यातल्या होकाराचा हिशेब

नमस्कार. आज बोलायचंय ते एका शब्दाबद्दल. तो शब्द आहे "हो".

माझ्या मामेबहिणीच्या लग्नाची बैठक होती. मी सोळा वर्षांची, पाणी द्यायला आणि कपबशा उचलायला. पुढच्या खोलीत गाद्या घातलेल्या, मधे तबकात सुपारी. मुलाच्या काकांनी बसल्याबसल्या सांगितलं, "आमचं काहीच मागणं नाही." मामाच्या खांद्यावरचा ताण उतरलेला मला दारातून दिसला. मग पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, उसाचा विषय झाला, आणि काका म्हणाले, "थोरल्याच्या वेळी तिकडच्या पाहुण्यांनी दहा तोळे केले होते. धाकट्याला कमी पडलं तर त्याला वाईट वाटेल. बाकी तुमची मर्जी."

मामा म्हणाला, "होईल की." सुपारी फुटली. पेढे वाटले.

त्या खोलीत कुणी आवाज चढवला नव्हता, कुणी धमकी दिली नव्हती. उद्या कुणी विचारलं असतं तर दोन्हीकडच्यांनी शपथेवर सांगितलं असतं की सगळं राजीखुशीनं ठरलं. मामानं खरंच "हो" म्हटलं होतं. मला इतकी वर्षं छळणारा प्रश्न हा आहे, की ती संमती होती का?

होकार खरा आहे की नाही, हे होकाराकडे बघून कळत नाही. त्याच जागी "नाही" म्हटलं असतं तर काय झालं असतं आणि त्याची किंमत कुणी मोजली असती, हे बघावं लागतं. मामा "जमणार नाही" म्हणाला असता, तर पाहुणे चहा घेऊन उठले असते. आठवड्यात भावकीत बातमी फिरली असती की अमक्याची बैठक मोडली. बैठक का मोडली हे कुणी विचारत नाही, मुलीत काय खोट आहे हे विचारतात. पुढचं स्थळ आलं असतं तर त्यांनी आधी मागची चौकशी केली असती. ताईचं वय वाढलं असतं, आणि तिच्या मागं धाकटी उभी होतीच. त्या एका "नाही"ची किंमत मामाच्या दोन्ही मुलींनी भरली असती.

आता काकांची बाजू घ्या. "आम्हाला खरंच काही नको, मुलगी आणि नारळ द्या," असं ते म्हणाले असते तर? दहा तोळे आले नसते. एवढंच. त्यांच्या मुलाचं लग्न मोडलं नसतं, त्याच्याबद्दल कुणी कुजबुजलं नसतं.

आणि तो मुलगा, ज्याचं लग्न ठरत होतं, तो तिथंच बसला होता. त्याचं "नाही" सगळ्यांत स्वस्त होतं. "काका, तो विषय नको," एवढं वाक्य. तो बोलला नाही. असे नवरदेव पुढं सांगतात, "मोठ्यांनी ठरवलं, मी मधे पडलो नाही." मधे न पडणं हीसुद्धा कृती असते, कारण त्या खोलीत ज्याचा नकार कुणीही डावलू शकलं नसतं असा तो एकटा माणूस होता. हुंड्यात दोष कुणाचा किती, हे ठरवताना मी हेच माप लावते. ज्याला नकार देणं जितकं स्वस्त, त्याची जबाबदारी तितकी जास्त.

कायद्याचं माप मात्र वेगळं आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा. त्याच्या कलम 3 प्रमाणे हुंडा घेणारा आणि देणारा, दोघंही गुन्हेगार. किमान पाच वर्षांची कैद आणि किमान 15 हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, यातला जो जास्त असेल तो दंड. म्हणजे कागदावर मामा आणि काका एकाच पिंजऱ्यात. यावरून बरेच जण म्हणतात की तक्रार कशी करायची, बापच अडकेल. इथं कलम 7 चं तिसरं पोटकलम लक्षात ठेवा. ज्याच्यावर अन्याय झालाय, त्यानं दिलेल्या जबाबामुळे त्याच्यावर या कायद्याखाली खटला चालवता येत नाही. पिळला गेलेला बाप आणि पिळणारा यांच्यात फरक आहे, हे कायद्यानं निदान या एका ठिकाणी ओळखलंय.

आता ती "थोरल्याच्या वेळी"ची भाषा. नुसती मागणी करणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, कलम 4, सहा महिने ते दोन वर्षं कैद. आणि तिथं "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष" असे शब्द आहेत. म्हणजे 1961 सालीच कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की बैठकीत कुणी आकडा थेट तोंडावर मारत नाही. थोरल्या सुनेचं उदाहरण येतं, "मुलगा पुण्यात फ्लॅट बघतोय" हे सहज कानावर घातलं जातं, "लग्न दोन्हीकडचं तुम्हीच करा, आमचा मानपान तेवढा सांभाळा" असं येतं. ओळखण्याची खूण एकच. त्या वाक्यानंतर खोली गप्प होते आणि सगळे मुलीच्या बापाकडे बघतात.

पण लिहिलेला शब्द आणि कोर्टात टिकलेला शब्द यांत अंतर राहिलं. 2007 मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की घरखर्चासाठी आणि खतासाठी सुनेच्या माहेराकडे पैसे मागणं म्हणजे हुंडा नव्हे. त्या बाईनं विष घेऊन जीव दिला होता, आणि हुंडाबळीच्या आरोपातून सासरचे सुटले. जरा थांबून विचार करा. शेतीवर जगणाऱ्या घरात जावयाला खताला पैसे कमी पडले की ते सासऱ्याकडेच का मागावेसे वाटतात? शेजाऱ्याच्या मुलीला त्यासाठी कुणी छळत नाही. मागता येतात ते लग्नाच्या नात्यामुळेच. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायाधीशांच्या पीठानं तो 2007 चा अर्थ चुकीचा ठरवला, आणि 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात घर बांधायला मागितलेले पैसेही हुंड्यात धरले. कारण काहीही सांगा, पैसा कुठल्या नात्याच्या जोरावर मागितला हे बघायचं, असा त्याचा अर्थ.

आता सगळ्यांत जास्त ऐकू येणाऱ्या युक्तिवादाकडे येते. "मुलीला देतोय ना आपण, तिचाच वाटा आहे." हा युक्तिवाद मला खोडायचाय, आणि नीट, आकड्यांनी. एक घर डोळ्यांसमोर आणा. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत. वडिलोपार्जित चार एकर, एकराला 15 लाखांचा भाव. आई, वडील, एक मुलगा, एक मुलगी. वाटणी झाली तर आपल्याकडच्या हिंदू कायद्यानं चार सारखे वाटे पडतात. मुलीचा एक एकर, 15 लाख. मुलीला जन्मानं हा हक्क देण्याची दुरुस्ती महाराष्ट्रानं 1994 मध्येच केली होती, फक्त तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. 2005 मध्ये ती देशभर आली आणि लग्न झालेल्याही त्यात आल्या.

आता लग्न. सहा लाख रोख "गाडीसाठी", सात तोळे, आणि पाच लाख मंडप, जेवण, मानपान, आहेर. अर्धा एकर विकलं, बाकी कर्ज. बापाच्या खिशातून वाट्याइतकी किंवा त्याहूनही जास्त रक्कम गेली, हे खरं. पण तिच्या हातात काय आलं ते मोजा. सहा लाख सासऱ्यांकडे. कदाचित त्यांनी ते स्वतःच्या मुलीच्या लग्नात दिले, कारण तिच्याही सासरी "काहीच मागणं नव्हतं". पाच लाख एका दिवसात संपले. सात तोळे तिच्या अंगावर लग्नाच्या दिवशी, नंतर सासूच्या कपाटात, किल्लीसकट. वाटा तो, जो आपल्याला विकता येतो, गहाण टाकता येतो, ज्याच्या जोरावर घरातून बाहेर पडता येतं. यातलं काहीही तिला करता येत नाही.

आणि हा हिशेब इथं संपत नाही. पंधरा वर्षांनी वडील जातात. भाऊ येतो, कागद घेऊन. हक्कसोडपत्र. "ताई, तुझ्या लग्नात अर्धा एकर गेलं. हप्ते मी फेडले. आता सही कर." तो खोटं बोलत नाही, त्यानं खरंच फेडलेत. म्हणून तर ते इतकं अवघड आहे. तीसुद्धा "हो" म्हणते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा आणि फोटो देते, आणि पुढच्या फेरफारात तिचं नाव सातबाऱ्यावरून जातं. तिच्या "नाही"ची किंमत काय होती? माहेर. दिवाळीला जायची जागा, भाऊबीज, नवऱ्यानं हात उचलला तर रात्री जायचं घर. वडिलांकडून बैठकीत काढून घेतलेला होकार आणि तिच्याकडून घेतलेली सही एकाच दावणीला बांधलेल्या आहेत. पहिला झाला की दुसरा मागायला कारण मिळतं.

काही जण म्हणतात, मुली कमी झाल्या की हुंडा आपोआप थांबेल. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. तरी हुंडा गेला नाही, कारण बोली लागते ती मुलाच्या पगाराच्या नोकरीवर, आणि नोकऱ्या मुलींपेक्षाही कमी आहेत. नोकरी नसलेला शेतकऱ्याचा मुलगा बिनलग्नाचा राहतो आणि त्याच गावात तलाठ्याचा भाव चढतो.

मग बैठक ठरलेल्या घरानं काय करावं? एक गोष्ट सांगते, जी मी आमच्या घरात प्रत्यक्ष कधी पाहिली नाही. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या 1985 च्या नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची यादी करायची असते. वधूला मिळालेल्या वस्तूंची एक, ती वधूकडे राहते. वराला मिळालेल्यांची दुसरी, ती त्याच्याकडे. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, कुणी दिली, देणाऱ्याचं नातं काय, आणि खाली दोघांच्या सह्या. तिच्या यादीत सात तोळे लिहिलेले असतील, तर पुढं "ते आमच्या घरचेच दागिने होते" असं म्हणणं सासरच्यांना जड जातं. आणि हुंडा म्हणून दुसऱ्या कुणी घेतलेला पैसाही कायद्यानं तिचाच आहे. लग्नाआधी घेतला असेल तर लग्नापासून, लग्नात किंवा नंतर घेतला असेल तर मिळाल्या दिवसापासून तीन महिन्यांत तो तिच्या हवाली करायचा असतो. कलम 6.

या यादीला मर्यादा आहेत. दडपणाखाली दिलेलं सोनंसुद्धा तिच्यात "भेट" म्हणून लिहिता येतं, आणि बापाला पिळलं गेलं हे यादी सांगत नाही. पण ही यादी बैठकीतच मांडून बघा. मामाच्या खोलीत कुणी म्हणालं असतं, "दहा तोळे करू, पण ते ताईच्या यादीत लिहू, नवरदेवाची सही घेऊ आणि लॉकर तिच्या एकटीच्या नावावर काढू," तर ज्यांना खरंच मुलीसाठी हवं होतं त्यांना अडचण यायचं कारण नव्हतं. काकांनी काय उत्तर दिलं असतं, हे मला आजही ऐकायचंय.