8 वर्षं जुनी निसान लीफ घेताय? वॉरंटीची तारीख आणि बॅटरीच्या पट्ट्या कशा वाचायच्या

(स्क्रीनवर: 2018 निसान लीफ, 40 किलोवॅट-अवर बॅटरी, अमेरिकन मॉडेल)

नमस्कार मंडळी! अमेरिकेत घरातली दुसरी गाडी म्हणून स्वस्तातली इलेक्ट्रिक शोधणाऱ्यांना 2018 ची लीफ हमखास दिसते. विकणारा सांगतो, "बॅटरीला 8 वर्षांची वॉरंटी आहे, ती तुमच्या नावावर होते." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही ती वॉरंटी तुमच्या किती कामाची, हे वेगळं तपासावं लागतं.

नावावर होण्याचा मुद्दा सोपा आहे. निसानची ही वॉरंटी मालकाला नाही, गाडीला चिकटलेली असते. मालक बदलला की ती आपोआप पुढे जाते, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. खरी गोम तारखेत आहे. मुदत 8 वर्षं किंवा 1,00,000 मैल, जे आधी संपेल ते. आणि ही 8 वर्षं मॉडेलच्या वर्षापासून नाही, तर गाडी पहिल्यांदा वापरात आली त्या दिवसापासून मोजतात. शोरूमने आधी टेस्ट ड्राइव्हसाठी फिरवलेली गाडी असेल, तर घड्याळ पहिल्या गिऱ्हाइकाच्याही आधी सुरू झालेलं असतं. म्हणून निसानच्या कुठल्याही डीलरच्या सर्व्हिस काउंटरला फोन करा, गाडीचा 17 अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे व्हीआयएन, द्या आणि वॉरंटी सुरू झाल्याची नेमकी तारीख विचारा. त्याच वेळी गाडीवर 'सॅल्व्हेज' शिक्का नाही ना, हेही बघा. अपघातानंतर विमा कंपनीने मोडीत काढून पुन्हा उभी केलेली गाडी असेल, तर वॉरंटी विसरा.

आता या वॉरंटीत काय मिळतं? इथे दोन वेगळी कलमं आहेत आणि लोक ती एकच समजतात. एक आहे दोषाचं: सेल, मॉड्यूल किंवा बॅटरीतला एखादा भाग बिघडला तर दुरुस्ती. दुसरं क्षमतेचं: बॅटरी ठरावीक मर्यादेखाली झिजली तर दुरुस्ती. लीफमध्ये ही मर्यादा पट्ट्यांत मोजतात.

(स्क्रीनवर: डॅशबोर्डवरच्या चार्ज गेजचा क्लोज-अप)

चार्ज दाखवणाऱ्या मोठ्या पट्ट्यांच्या शेजारी या बारीक पट्ट्या बघा. नव्या गाडीत 12 असतात. पहिली पट्टी क्षमता साधारण 85 टक्क्यांवर आली की जाते. त्यानंतरची प्रत्येक पट्टी सुमारे सव्वासहा टक्क्यांनी. म्हणजे 79 च्या खाली 10 उरतात, साडेबहात्तरच्या खाली 9, आणि सव्वासहासष्टच्या खाली 8. निसान 9 पेक्षा कमी पट्ट्या झाल्या तरच क्षमतेचा दावा मानते. आणि दावा मानला तरी बांधिलकी 9 किंवा जास्त पट्ट्या परत आणून देण्याची आहे, 12 ची नाही. नवीकोरी बॅटरी मिळेल या हिशोबाने भाव देऊ नका.

एक उदाहरण धरू. गाडी 61,000 मैल चाललेली. वॉरंटी सुरू 14 मे 2018, तुम्ही बघताय मार्च 2026 मध्ये. पट्ट्या 10. वॉरंटीचे दोन महिने शिल्लक. 8 पट्ट्यांवर यायला अजून जवळपास 10 टक्के झीज व्हायला हवी, आणि ती दोन महिन्यांत होणार नाही. म्हणजे क्षमतेच्या कलमाची किंमत तुमच्यासाठी शून्य. दोषाचं कलम मात्र 14 मेपर्यंत जिवंत आहे, आणि तेच वसूल करायचं.

त्यासाठी लागतं गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल आणि फोनवर LeafSpy Pro हे अ‍ॅप. डोंगल ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डखालच्या पोर्टमध्ये बसतं. SOH हा आकडा टक्क्यांत बॅटरीची तब्येत सांगतो. आपल्या गाडीत तो 76 आहे असं समजा. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो सेलचा आलेख. या बॅटरीत सेलच्या 96 जोड्या एकामागोमाग जोडलेल्या आहेत, त्यामुळे सगळ्यात कमजोर जोडी दमली की अख्खी गाडी दमते. अर्ध्या चार्जवर गाडी उभी असताना सगळ्या जोड्या 10-20 मिलिव्होल्टच्या फरकात असतात, आणि तेवढ्यावर फसायला होतं. चार्ज 20 टक्क्यांच्या आसपास येऊ द्या, मोकळ्या रस्त्यावर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि शेजारच्याला आलेख बघायला सांगा. एखादीच जोडी बाकीच्यांपेक्षा 100 मिलिव्होल्टहून जास्त खाली बसत असेल, किंवा चार्ज 18 वरून एकदम 6 वर उडी मारत असेल, तर तो कमजोर सेल. स्क्रीनशॉट काढा आणि मुदत संपायच्या आत डीलरकडे तक्रार लेखी नोंदवा. नोंद विकणाऱ्याने खरेदीआधीच करून दिली तर उत्तम.

SOH वर डोळे झाकून विश्वासही नको. बॅटरीचा कंट्रोलर रीसेट केला की पट्ट्या काही काळ भरलेल्या दिसतात. म्हणून चालवून पडताळा. नव्या 40 च्या लीफमध्ये प्रत्यक्ष वापरता येणारी ऊर्जा 36-37 किलोवॅट-अवर. तिचे 76 टक्के म्हणजे 28, आणि निम्मा चार्ज म्हणजे 14. ट्रिप मीटर शून्य करा, 100 वरून 50 टक्क्यांपर्यंत चालवा. डॅशबोर्डवर सरासरी 3.8 मैल प्रति किलोवॅट-अवर आली, तर साधारण 53 मैल व्हायला हवेत. त्याच सरासरीला 40 च मैल झाले, तर वापरलेली ऊर्जा साडेदहाच. SOH खोटं बोलतोय, निघा तिथून.

गाडी नवी असताना अमेरिकन सरकारी चाचणीतली रेंज 151 मैल होती. 76 टक्क्यांवर ती 115, म्हणजे 185 किलोमीटर. न्यू जर्सीच्या जानेवारीत, हीटर लावून, हायवेवर रेंज 75 मैलांच्या आसपास धरा. लीफच्या बॅटरीला पाण्याचं कूलिंग नाही, म्हणून गाडी आयुष्यभर कुठे होती याने मोठा फरक पडतो. फीनिक्सच्या उन्हात राहिलेली गाडी सिअ‍ॅटलच्या गाडीपेक्षा नक्कीच जास्त झिजलेली असणार. गाडीच्या इतिहासाच्या रिपोर्टमध्ये कुठल्या राज्यात नोंदणी झाली ते मैलांच्या आधी वाचा. आणि चार्ज शून्याजवळ ठेवून 14 दिवसांहून जास्त उभी केलेली गाडी असेल, तर निसान दावा नाकारू शकते. डीलरच्या अंगणात धूळ खात पडलेल्या गाड्यांबाबत हे नक्की विचारा.

भारतातले प्रेक्षक नेक्सॉन ईव्हीबद्दल विचारतील. ती आली जानेवारी 2020 मध्ये, 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरच्या बॅटरी वॉरंटीसह. पहिल्या गाड्यांची 8 वर्षं 2028 मध्ये भरतील.

लीफच्या किमतीत अमेरिकेत आणखी एक गाडी दिसते: 2017 ते 2019 ची शेव्हरोले बोल्ट. इथे गणित उलटं आहे. आगीच्या धोक्यामुळे जनरल मोटर्सने रिकॉलमध्ये या वर्षांच्या गाड्यांची बॅटरी बदलून दिली, आणि बदललेल्या बॅटरीला बदलल्या तारखेपासून नवी 8 वर्षं किंवा 1,00,000 मैलांची वॉरंटी दिली. गाडी 2017 ची, पण बॅटरी 2022 ची, अशी जोडी सापडू शकते. nhtsa.gov/recalls वर व्हीआयएन टाकून रिकॉल बाकी नाही ना ते बघा, पण तिथे थांबू नका. बॅटरी बदलायच्या आधी याच गाड्यांना चार्ज 80 टक्क्यांवर रोखणारं सॉफ्टवेअरही दिलं गेलं होतं, म्हणून रिकॉल बाकी दिसत नाही यावरून बॅटरी बदललीच असं धरू नका. तेव्हा शेव्हरोले डीलरकडून बॅटरी बदलल्याचा सर्व्हिस रेकॉर्ड, त्यावरची तारीख आणि त्या दिवशीचे मैल छापून घ्या. तो कागद हातात येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.