आजीची पैठणी, घडीवर चिरलेली

नमस्कार श्रोतेहो. नाशिकमध्ये माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. ब्लाउज, परकर, फॉल-पिको ही रोजची कामं तिथं चालतातच, पण ज्या कामात माझा जीव आहे ते काम म्हणजे घराण्यातली जुनी वस्त्रं दुरुस्त करणं. आज त्यातल्या एका पैठणीची हकीगत सांगते. ती ऐकताना तुमच्या कपाटातली एखादी साडी तुम्हाला आठवली, तर माझं बोलणं कारणी लागलं.

एक ताई आईला घेऊन दुकानात आल्या. पिशवीत आजीची नऊवारी पैठणी होती. अंग वांगी रंगाचं, काठ हिरवे, पदरावर मोर. मुलीच्या लग्नात सीमांतपूजनाला ती नेसवायची, असं आजींनी कधीकाळी बोलून ठेवलेलं. लग्न ठरलं, ट्रंक उघडली, साडी उलगडली आणि मधोमध उभी चीर दिसली, जवळजवळ हातभर लांब. शिवाय घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे बारीक भोकं. आईंनी तर मनाची तयारीच केली होती. त्यांच्या गल्लीत जुनी जरी वजनावर घेणारा माणूस फिरतो, त्याला ती द्यायचं ठरत आलं होतं. असे लोक साडी जाळून त्यातली चांदी काढतात. मुलीनं हट्ट धरला की एकदा कुणाला तरी दाखवू या, म्हणून ती माझ्यापर्यंत आली.

साडी चिरली कशानं, हा त्यांचा पहिला प्रश्न. कसर लागलेली नव्हती, उंदीर नव्हता, कुणी ओढलीही नव्हती. वर्षानुवर्षं तीच घडी, त्याच रेषेवर, हेच कारण. साडी आधी लांबीत दुमडली जाते. त्या दुमडीवर आडवे दोरे वाकतात, म्हणजे बाणा वाकतो. रेशीम जुनं होऊन कोरडं पडलं की वाकलेल्या जागी तो मोडू लागतो. एक मोडला की शेजारच्यावर भार येतो, मग तोही जातो. उभे दोरे, म्हणजे ताणा, मात्र तसाच शाबूत राहतो. म्हणून अशा चिरेकडे नीट पाहिलं, तर तिच्या तोंडाशी उभे दोरे सुटे लोंबताना दिसतात. तसे दिसले की समजायचं, फाटलं नाही, घडीनं मोडलं. हा फरक महत्त्वाचा, कारण ओढून फाटलेल्या कापडात आजूबाजूचं रेशीम बहुधा ठणठणीत असतं. घडीनं मोडलेल्यात मात्र शेजारचं कापडही तितकंच थकलेलं असू शकतं.

म्हणून सुई हातात घेण्याआधी मी रेशीम तपासते. साडीचं जे टोक नेसताना आत जातं, तिथलं चिमूटभर कापड दोन बोटांत धरून अगदी हलकेच ताणायचं. जिवंत रेशीम थोडं तणतं आणि परत येतं. मेलेलं रेशीम कोरड्या पानासारखं बारीक कडकड करतं आणि दोरे तुटतात. असं झालं तर मी तिथेच सांगते की अंग वाचणार नाही. मग काठ आणि पदर काढून नव्या रेशमावर बसवणं एवढीच वाट उरते. तेव्हाही काठ अगदी कडेवर न कापता जुन्या अंगाची बोटभर पट्टी सोबत ठेवावी लागते. पैठणीचा काठ अंगाशी दोऱ्यादोऱ्यानं गुंतवून विणलेला असतो. कडेवर कात्री चालवली की तो उसवायला लागतो. या आजींच्या साडीत तीन ठिकाणी तपासलं, तिन्ही ठिकाणी रेशीम तणलं. मी ताईंना म्हटलं, कापायची नाही, ही अंगासकट राहील.

त्यांनी आधी एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथं त्यांना चिकटणारं बकरम मागून इस्त्रीनं लावून देऊ, असं सांगण्यात आलं होतं. तुमच्याही वाट्याला हा सल्ला येईल, म्हणून बोलते. नव्या कॉलरला बकरम उत्तम, जुन्या रेशमाला नको. गोंद रेशमात उतरतो, कापड ताठ होतं, काही वर्षांनी पिवळं पडतं आणि त्या पट्टीच्या कडेला नवीन चीर सुरू होते. शिवाय तो पुन्हा निघत नाही. दुरुस्ती अशी हवी की उद्या कुणाला अधिक चांगलं करता आलं, तर माझे टाके सोडवून करता यावं. मशिनची शिलाईही इथे चालत नाही. सुई एका रेषेत भोकं पाडत जाते, आणि थकलेलं रेशीम नेमकं त्याच रेषेवर पुन्हा उकलतं.

आम्ही केलं ते असं. साडी मोठ्या टेबलावर पसरून मऊ ब्रशनं धूळ काढली. पाणी लावलं नाही. जुना लाल-वांगी रंग पाण्यात सुटतो का, हे आतल्या टोकाला ओल्या कापसाचा बोळा टेकवून पाहिलं, तर कापूस गुलाबी झाला. म्हणजे धुणं बाद. मग चिरेच्या लांबी-रुंदीपेक्षा चारी बाजूंनी चार-चार बोटं मोठी अशी पातळ चायना सिल्कची पट्टी घेतली, ती रंगाला मिळवली आणि आधी पाण्यातून काढून वाळवली. हे विसरलं तर पट्टी पुढे आटते आणि वरचं कापड चुरगळून उभं राहतं. पट्टीचे उभे दोरे साडीच्या उभ्या दोऱ्यांना समांतर येतील अशीच ती ठेवायची, तिरकी कधीच नाही.

पुढचं काम फक्त डोळ्यांचं आणि बोटांचं. चिरेच्या दोन्ही कडा जवळ आणायच्या, पण ओढून नाही. ओढल्या तर साडी आक्रसते आणि ताण शेजारी सरकतो. सुटे उभे दोरे सुईच्या टोकानं एकेक सरळ केले. मग मोडलेल्या बाण्याच्या जागी नवे आडवे दोरे टाकले. चिरेच्या एका बाजूच्या निरोगी कापडातून निघायचं, चीर ओलांडायची, दुसऱ्या बाजूच्या निरोगी कापडात उतरायचं. मधे मधे तो लांब दोरा बारीक आडव्या टाक्यानं खालच्या पट्टीला बांधून ठेवायचा. दोऱ्यांची टोकं एका ओळीत येऊ द्यायची नाहीत. एक लांब, एक आखूड, असं ठेवलं की भार एका रेषेवर पडत नाही. रेशमाचा धागा एकेरी, सुई सर्वांत बारीक. धागा शक्यतो त्याच साडीच्या आतल्या टोकातून सोडवून घेतला, म्हणजे रंग शोधत बसावं लागलं नाही. असं काम बोटभर झालं की थांबून डोळ्यांना विसावा द्यावा लागतो, नाहीतर टाके ताणले जातात.

पदराला मी हात लावला नाही. तिथे मोराच्या मानेशी एक जागा विरली होती. पण अस्सल पैठणीचा पदर उलट-सुलट दोन्हीकडून सारखाच दिसतो, कारण रंगीत दोरे नक्षीपुरतेच फिरवून एकमेकांत अडकवलेले असतात. त्याच्या मागे पट्टी लावली तर ही शोभाच झाकली जाते. ते विणकराचं काम. येवला आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि पदराची नक्षी दोऱ्यानं भरून देणारा माहीतगार हात मिळाला तर तिकडेच द्यावं, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ती जागा आहे तशी ठेवायचं ठरवलं, मला ते पटलं.

जरी काळवंडली होती. आईंनी विचारलं, लिंबानं किंवा टूथपेस्टनं घासू का? कृपा करून असं करू नका. जुन्या खऱ्या जरीत रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि त्यावर सोन्याचा पातळ मुलामा. घासलं की मुलामा जातो, पुन्हा येत नाही. काळी पडते ती चांदी. हिरवट डाग पडला असेल तर आत तांबं असण्याची शक्यता. आजींची जरी काळी होती, म्हणजे चांगली होती, आणि आम्ही तिला तशीच ठेवली.

आता नेसायचं कसं? नऊवारीचा काष्टा मागे ओढून खोचतात, आणि सगळा ताण नेमका मधल्या भागावर येतो, जिथे आमची पट्टी आहे. म्हणून कमरेशी येणाऱ्या भागाला आतून दोन इंच रुंद सुती पट्टी हातशिलाईनं लावली. पिना आणि खोचणं सगळं त्या पट्टीत, रेशमात एकही पिन नाही. शिवाय अट घातली की ही साडी सीमांतपूजनापुरती, बसण्यापुरती नेसायची. मंगळागौरीच्या फुगड्यांना ती नको. ताईंनी हे ऐकलं. लग्नानंतर त्या साडी घेऊन परत आल्या तेव्हा मी सगळी दुरुस्ती बोटानं चाचपून पाहिली. एक आडवा दोरा सैल झाला होता, तो बसवला, बाकी सगळं जागच्या जागी होतं.

तेव्हा त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. शक्य असेल तर घडी न घालता जाड पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल लावून त्यावर साडी गुंडाळा. घडीच घालायची असेल तर तीन-चार महिन्यांनी उलगडून घडीची रेषा बदला. डांबरगोळ्या जरीला थेट लागू देऊ नका.

आणि माझ्याकडे साडी, शेला, आजोबांचा कोट, बाळंतविड्यातलं कुंची-टोपरं असं काही आणणार असाल, तर आधी धुऊन, इस्त्री करून किंवा ड्रायक्लीन करून आणू नका. आहे तशीच आणा, कारण डाग आणि चिरा दोन्ही मला जसेच्या तसे पाहावे लागतात. वस्त्र कधी, कोण, किती वेळ वापरणार आहे हे सांगा, त्यावर टाक्याचा प्रकार ठरतो. पैसे मी चिरेची लांबी आणि लागणारा वेळ पाहून काम घेण्याआधीच सांगते. जे वाचणार नाही त्याला हात लावण्याचे पैसे घेत नाही. लग्नसराईच्या तोंडावर येऊ नका, निदान दोन महिने हाताशी ठेवून या. आणि दुपारी या, कारण रंग जुळवायला मला दिवसाचा उजेड लागतो.