भाडेकरार घरपोच आला, पण नोंदला का?

नमस्कार श्रोतेहो. नाव, पत्ता आणि भाड्याची रक्कम भरा, पैसे भरा, संध्याकाळपर्यंत स्टॅम्प पेपरवर छापलेला आणि नोटरीचा शिक्का मारलेला भाडेकरार घरपोच मिळेल, अशा जाहिराती करणारी संकेतस्थळं बरीच आहेत. महाराष्ट्रातल्या घरासाठी तो कागद कितपत चालतो, ते आज पाहू.

आधी अकरा महिन्यांचं कोडं सोडवू. केंद्राच्या 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून अनेक राज्यांत अकरा महिन्यांचा करार करून नोंदणी टाळतात, आणि देशभर एकच नमुना विकणारे हीच पद्धत आपल्याकडेही खपवतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याचं कलम 55 वेगळं सांगतं. घर भाड्यानं द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ताब्याचा हक्क न देता फक्त वापरायच्या परवानगीवर द्या, करार लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा. मुदत अकरा महिने असली तरी सूट नाही.

ही जबाबदारी कायद्यानं घरमालकावर टाकली आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्याच कलमातला दुसरा भाग. नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोडून काढायचं काम मालकाचं. नोटरीचा शिक्का इथे उपयोगी पडत नाही. नोटरी सही प्रमाणित करतो, दस्त सरकारी नोंदवहीत चढवत नाही.

आता पैशांचा हिशेब करू, कारण संकेतस्थळाची परीक्षा तिथेच होते. समजा पुण्यातला फ्लॅट आहे, भाडं महिना 20,000, परत मिळणारी अनामत 60,000 आणि मुदत अकरा महिने. एकूण भाडं झालं 2,20,000. अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरायचं, ते अकरा महिन्यांचं 5,500 होतं. बेरीज 2,25,500. त्याच्या पाव टक्का, म्हणजे 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, साधारण 564 रुपये. शिवाय महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. म्हणजे सरकारी खर्चच दीड हजाराच्या वर जातो. एखादं संकेतस्थळ सगळं मिळून सातआठशे रुपयांत देत असेल, तर त्यात नोंदणी बसूच शकत नाही. ‘पाचशेचा स्टॅम्प’ हा ठरीव आकडाही या फ्लॅटला कमीच पडला. शुल्क कमी भरलेला दस्त, फरक आणि दंड भरेपर्यंत, न्यायालय पुराव्यात घेत नाही.

दुसरी खूण म्हणजे अंगठा. नोंदणी व मुद्रांक विभागाची ऑनलाइन सोय `efilingigr.maharashtra.gov.in` इथे आहे. त्यात मालक आणि घर घेणारा यांची ओळख आधारवर पटवली जाते, अंगठ्याचा ठसा आणि वेबकॅमवर फोटो घेतला जातो. खासगी सेवा देणारे हेच काम यंत्र घेऊन घरी येऊन करतात, आणि ती सेवा घ्यायला हरकत नाही. पण जिथे कुणाचाच ठसा न घेता करार तयार होतो, तिथे तो कागद फक्त छापला गेलेला असतो. काम पूर्ण झाल्यावर दुय्यम निबंधकाची डिजिटल सही, दस्त क्रमांक आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, हे हातात यायला हवं. पैसे भरण्याआधीच विचारा: ‘इंडेक्स टू मिळेल का?’ उत्तरात ‘ई-स्टॅम्प मिळेल’ असं आलं, तर समजा की नोंदणी नाही. ई-स्टॅम्प ही फक्त शुल्क भरल्याची पावती असते.

मजकूरही वाचा. तयार नमुन्यात ‘भाडेपट्टा’, ‘घराचा संपूर्ण ताबा’ असे शब्द असतील, तर वर शीर्षक लिव्ह अँड लायसन्स असलं तरी वाद झाल्यावर न्यायालय आतल्या अटी बघतं. शेवटच्या पानावर दिल्ली किंवा बेंगळुरूच्या न्यायालयाचं नाव राहून गेलं असेल, तर नमुना कुठला आहे ते तिथेच कळतं.

सगळेच विकतचे नमुने टाकाऊ नाहीत. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही; दोन साक्षीदारांसमोर नीट सही झाली की बऱ्या नमुन्यावरही ते उभं राहतं. भाडेकराराचं तसं नाही.

नोटरी केलेला करार आधीच घेतला असेल आणि मुदत बाकी असेल, तर त्यावर ठिगळं लावत बसू नका. उरलेल्या मुदतीसाठी त्याच अटींचा नवा करार ऑनलाइन नोंदवा, आणि अनामत आधीच मिळाली असेल तर ती कोणत्या तारखेला, कशी दिली, हे त्यात स्पष्ट लिहा.