उसातले बिबटे मोजताना

[दृश्य: ड्रोनमधून दिसणारं प्रवरेचं खोरं. सगळीकडे उभा ऊस, मधून गेलेली गाडीवाट]

अहिल्यानगर जिल्हा, अकोले तालुका. नदीच्या दोन्ही अंगाला ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. जंगलातून वाट चुकून आलेला नाही, इथलाच. याच उसात जन्मलेला आणि वाढलेला.

किती आहेत, हे गावात कुणालाही विचारा, उत्तर लगेच मिळतं.

[आवाज, शेतकरी: "सात-आठ वाघ हायेत बघा आमच्याकडं."]
[आवाज, पाहणीतली विद्यार्थिनी: "मामा, वेगवेगळे होते हे कशावरून?"]
[आवाज, शेतकरी: "वेगवेगळ्या बांधावर दिसले ना!"]

आठ बांधांवर आठ वेळा दिसलेला बिबट्या एकच असू शकतो. आणि एकाच बांधावर दिसलेले दोन बिबटे एकच समजले जाऊ शकतात. मोजणीतली खरी अडचण इथून सुरू होते.

[दृश्य: खांबाला कॅमेरा बांधणारे हात. गुडघ्याएवढी उंची. समोरच्या कडेला दुसरा कॅमेरा]

ही पाहणी कॅमेऱ्यांनी चालते. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. समोरून काही गरम आणि हलतं गेलं की सेन्सर जागा होतो आणि फोटो निघतो. दोन्ही कॅमेरे अगदी समोरासमोर ठेवत नाहीत, थोडे तिरके ठेवतात, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोवर पांढरा डाग पाडतो. आमिष लावत नाहीत. ते का, ते पुढे येईल.

कॅमेरे दोन लावायचे कारण बिबट्याच्या अंगावरच आहे.

[दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी. बोट एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर सरकतं]

त्याच्या कातडीवरच्या फुलासारख्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची निराळी असते, बोटांच्या ठशांसारखी. पण डाव्या कुशीवरची नक्षी उजव्या कुशीवर नसते. एका वाटेवर फक्त डावी बाजू टिपली गेली आणि दुसऱ्या वाटेवर फक्त उजवी, तर एका बिबट्याचे कागदावर दोन होतात. म्हणून दोन्ही बाजू एकाच क्षणी हव्यात. फोटो जुळवायला सॉफ्टवेअर आहे, ते संभाव्य जोड्या पुढे करतं. शेवटचा निर्णय मात्र दोन माणसं एकमेकांना न विचारता घेतात. दोघांचं जमलं नाही तर तो फोटो बाजूला काढतात. पुसट फोटोवरून अंदाज बांधण्यापेक्षा तो सोडून दिलेला बरा. ओळखण्यातल्या चुकीनं आकडा बहुतेक वेळा फुगतो.

आता हिशेब. पाटीवर लिहिलेले आकडे उदाहरणाचे आहेत, या पाहणीचे नाहीत.

[दृश्य: हिरवी पाटी, खडू]

समजा, पहिल्या पंधरवड्यात आठ वेगवेगळे बिबटे टिपले. पुढच्या पंधरवड्यात नऊ टिपले, त्यातले सहा आधी पाहिलेलेच निघाले. म्हणजे दुसऱ्या खेपेत ओळखीचे निघाले नवातले सहा, दोन तृतीयांश. मग पहिल्या खेपेचे आठ बिबटेही एकूण संख्येच्या दोन तृतीयांश असावेत. आठ गुणिले नऊ, भागिले सहा. उत्तर बारा. फोटोत आले एकूण अकराच, बारावा कुणालाच दिसला नाही. तरी तो आहे, असं हे गणित सांगतं.

डेन्मार्कच्या पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांना खुणा करताना हा विचार वापरला. अमेरिकेत लिंकन यांनी १९३० साली पायात कडी घातलेल्या बदकांवरून तोच हिशेब मांडला. माशाला खूण करावी लागते, बदकाला कडी. बिबट्या आपली खूण जन्मतः घेऊन येतो, त्यामुळे त्याला हात लावावा लागत नाही.

हिशेब सोपा आहे, पण तो काही गोष्टी गृहीत धरतो. पाहणी अहवालातलं सगळ्यात मोठं प्रकरण याच गृहीतकांचं असतं, आणि वाचणारे तेच पान उलटून पुढे जातात.

[दृश्य: कोयते. ऊस आडवा पडतोय. बैलगाडी, ट्रॅक्टर. धूळ]

पहिलं गृहीतक असं की पाहणी चालू असताना कुणी आत आलं नाही, कुणी बाहेर गेलं नाही, कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही. म्हणून पाहणी थोड्या आठवड्यांत उरकतात. वर्षभर कॅमेरे ठेवले तर फोटो भरपूर मिळतील, पण ही अट पाळली जाणार नाही.

जंगलात ती बरीचशी पाळली जाते. उसात तोडणी असते. कारखाना सुरू झाला की आज उभं असलेलं शिवार उद्या मोकळं होतं. त्यात राहणारी मादी शेजारच्या शेतात सरकली तर हरकत नाही, ती कॅमेऱ्यांच्या टापूतच राहते. टापूबाहेर गेली तर ती पुन्हा टिपली जाण्याची शक्यताच संपते, आणि तिच्या जागी बाहेरून दुसरा बिबट्या आला की तो नवा म्हणून मोजला जातो. पाटीवरच्या उदाहरणात ओळखीचे सहाच्या जागी चार निघाले असं धरा. आठ गुणिले नऊ, भागिले चार. अठरा. प्रत्यक्षात अठरा बिबटे तिथे एका वेळी कधीच नव्हते.

हे झालंय की नाही ते कसं ओळखायचं? हा तक्ता पाहा.

[दृश्य: भिंतीवर चिकटवलेला लांब कागद. प्रत्येक बिबट्याची एक आडवी रेघ, पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत]

प्रत्येक रेघ म्हणजे एक बिबट्या. काही रेघा तोडणीच्या तारखेला तुटतात आणि त्याच सुमाराला नव्या रेघा सुरू होतात, असं दिसलं तर अट मोडली. मग तोडणीआधीचे दिवस वेगळे काढून तेवढ्यावरच हिशेब करायचा. आकडे कमी पडतात, अनिश्चितता वाढते, पण चूक कुठे आहे ते कळतं. पाहणी चालू असताना कुणी पिंजरा लावून एखादा बिबट्या हलवला, तर त्याचीही रेघ इथे अशीच मध्येच तुटते.

दुसरं गृहीतक जास्त छुपं आहे. प्रत्येक जनावर सापडण्याची शक्यता सारखी, असं हा हिशेब धरून चालतो. ती सारखी नसते, आणि त्यातून किती चूक होते हे बिबट्यांवर तपासता येत नाही, कारण त्यांची खरी संख्या कुणालाच ठाऊक नसते. सशांवर मात्र ते तपासून झालंय.

[दृश्य: काळा पडदा, त्यावर पांढरे आकडे एकामागून एक]

सशांचं चित्रीकरण आमच्याकडे नाही, आकडे मात्र बोलके आहेत. एडवर्ड्स आणि एबरहार्ट या अमेरिकी संशोधकांनी १९६७ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. चार एकरांच्या बंदिस्त जागेत १३५ रानससे सोडले. सलग १८ रात्री सापळे लावले. खरी संख्या आधीच माहीत, त्यामुळे पद्धतीचीच परीक्षा.

अठरा रात्रींत ७६ ससे सापडले. बाकीचे ५९ एकदाही नाहीत. सापडलेल्यांपैकी ४३ एकदाच आले, १६ दोनदा, आठ तीनदा, सहा चारदा. दोन ससे सहा वेळा आले आणि एक महाभाग सात वेळा सापळ्यात शिरला.

सगळे सारखेच सापडतात असं धरून हिशेब केला, तर उत्तर शंभराच्या आतबाहेर येतं. खरे १३५. धीट ससे पुन्हा पुन्हा आले, त्यामुळे ओळखीच्या सशांचं प्रमाण वाढलं आणि जवळजवळ सगळे सापडले असा भास झाला. बुजरे ससे हिशेबात आलेच नाहीत. सापडण्याची शक्यता असमान असली की आकडा असा खाली ओढला जातो. आमिष न लावण्याचं कारणही हेच, खायला मिळतं हे कळलेला बिबट्या त्याच कॅमेऱ्यावर पुन्हा पुन्हा येईल. उलट फ्लॅशला बिचकून वाट सोडणारा बिबट्या आकडा वर ढकलतो.

सशांच्या आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनंही पाहता येतं. अ‍ॅन चाओ या तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ. त्यांचा विचार असा, की एकदाही न सापडलेल्यांची माहिती सगळ्यात जास्त कुणाकडे असते? जे जेमतेम एकदा किंवा दोनदा सापडले त्यांच्याकडे. एकदाच आलेल्या ४३ चा वर्ग करा, दोनदा आलेल्या १६ च्या दुपटीनं भागा. उत्तर जवळपास ५८. त्यात सापडलेले ७६ मिळवा. १३४.

इतकं नेमकं जुळणं हे थोडं नशीबही आहे. हे सूत्र मुळात किमान किती असतील तेवढंच सांगतं, खरा आकडा त्याहून मोठा असू शकतो.

[दृश्य: रात्रीचा फोटो, नर बिबट्या. मग दुसरा, मादीमागे दोन पिल्लं]

बिबट्यांत धीट आणि बुजरे हा भेद बराचसा नर-मादीचा आहे. नराचं क्षेत्र मादीच्या कित्येक पट मोठं असतं, तो जास्त वाटा तुडवतो आणि जास्त कॅमेऱ्यांत येतो. लहान पिल्लं असलेली मादी एखाद्या शिवाराभोवतीच फिरते. म्हणून दोन कॅमेऱ्यांमध्ये एवढी मोकळी जागा ठेवायची नाही, की त्यात एका मादीचं अख्खं क्षेत्र मावेल. तशी मादी टिपली जाण्याची शक्यता शून्य, आणि शून्य शक्यतेच्या प्राण्याला कोणतंही सूत्र मोजू शकत नाही. हिशेबातही नर आणि मादी टिपले जाण्याची शक्यता वेगवेगळी धरतात. पिल्लं आकड्यात घेतच नाहीत, ती पुरेशी टिपली जात नाहीत.

आणि किती जागेत, हा प्रश्न उरतोच. कडेच्या कॅमेऱ्यात आलेला बिबट्या अर्धा वेळ टापूबाहेर असतो. त्याला पूर्ण मोजून फक्त कॅमेऱ्यांच्या टापूनं भागलं तर घनता फुगते. म्हणून आता प्रत्येक फोटो कुठे निघाला हेही हिशेबात धरतात. ज्याच्या वावराचं केंद्र कॅमेऱ्यापासून दूर, तो टिपला जाण्याची शक्यता कमी.

[दृश्य: गाव, शाळा सुटलेली मुलं, मागे ऊस]

अकोल्याच्या याच खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात तिथे दर १०० चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे निघाले. आकड्यापुढे अधिक-उणे १.२ लिहिलेलं होतं. ही प्रमाण विचलनाची फट दोन्ही बाजूंनी दुप्पट धरली तर साधारण अडीच ते सात इतका पल्ला होतो. बातमीत छापायला तो अवघड जातो, पण उत्तर म्हणजे तो पल्लाच.

[दृश्य: पडद्यावर अहवालाचं पान, शीर्षक "मर्यादा"]

या पाहणीचा आकडा अजून तपासणीत आहे. पिंजरे कुठे आणि किती, हे ठरवताना वनविभागापुढे असेच आकडे असतात. मर्यादांचं पान आधीच लिहून झालंय. आकडा तोडणीआधीच्या आठवड्यांचा आहे. प्रौढांचाच आहे. कॅमेरे नदीकाठच्या उसात होते, डोंगराच्या बाजूला नव्हते, त्यामुळे तालुक्याच्या क्षेत्रफळानं गुणून अकोल्यातले एकूण बिबटे काढू नयेत.